सातबारा दोन मिनिटांत निघतो, मग त्यावरचे नाव बदलायला महिने का लागतात?

पंधरा रुपये भरले की डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मोबाइलवर येतो. त्यासाठी तलाठ्याला शोधावे लागत नाही आणि शिक्क्यासाठी थांबावे लागत नाही. पण त्याच सातबाऱ्यावर वारलेल्या वडिलांचे नाव अजून तसेच असते, फेडलेल्या कर्जाचा बोजा इतर हक्कात दिसत असतो, किंवा एक एकराचे चार गुंठे झालेले असतात. हे दुरुस्त करायला गेले की चकरा सुरू होतात. मग गावोगावी एकच प्रश्न ऐकू येतो : सगळे ऑनलाइन झाले म्हणता, तर आमचे काम का अडले?

हा प्रश्न आता जास्त टोचू लागला आहे. शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी सुरू झाली. त्यात आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव यांची जुळणी होते, आणि वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात न आलेल्या चुका एकदम समोर आल्या. २०२५ मध्ये शासनाने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर घेतली. अशी मोहीम घ्यावी लागली, यावरूनच मयतांच्या नावावर किती सातबारे पडून होते याची कल्पना येते.

अडथळा नेमका कुठे असतो हे कळले, तर कोणत्या टेबलावर जायचे, कोणता कागद घेऊन जायचे आणि कुठे जाण्यात अर्थ नाही, हे ठरवता येते. म्हणून सातबाऱ्याचे उदाहरण घेऊन हा गुंता सोडवून पाहू. उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांचेही गणित पुढे त्याच धाग्याने उलगडते.

ऑनलाइन झाली ती नक्कल

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. सातमध्ये जमीन कुणाच्या नावे आहे, क्षेत्र किती आहे आणि इतर हक्क कोणते आहेत हे असते. बारामध्ये पिकांची नोंद असते. एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एकत्र दाखवतो तो आठ-अ. या साऱ्या नोंदी पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात हाताने लिहिल्या जात आणि नक्कलही हातानेच मिळे. त्या नोंदी संगणकात भरल्या गेल्या, २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन घेऊन लोकांना वाचून दाखवल्या गेल्या, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

म्हणजे जे झटपट झाले ते नोंदीची नक्कल देण्याचे काम. बँकेतले पासबुक छापणारे यंत्र आठवा. खात्यात जे आहे तेच ते छापते. तुमचे पैसे चुकून दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले असतील, तर पासबुक दहा वेळा छापून घेतले तरी रक्कम परत येत नाही, त्यासाठी बँकेतल्या माणसाने खात्यातली नोंद फिरवावी लागते. सातबाऱ्यातली नोंद फिरवण्याच्या कामाला फेरफार म्हणतात, आणि त्याचा निर्णय कायद्याने आजही माणसाच्या हातात ठेवला आहे.

हे मुद्दाम ठेवले आहे आणि माझ्या मते ते योग्यच आहे. एखाद्याने घरबसल्या बटण दाबून भावाचे नाव सातबाऱ्यावरून उडवले असते तर काय झाले असते, याचा विचार करा. आपल्याला त्रासदायक वाटणारी नोटीस आणि हरकतीची मुदत ही उद्या आपल्याच जमिनीची राखण करणारी असते. तक्रार करण्यासारखी गोष्ट वेगळी आहे : कायद्यातली मुदत संपल्यावरही अर्ज पडून राहतो ती.

फेरफार होतो तो असा

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४९ आणि १५० मध्ये ही पद्धत दिली आहे. जमिनीत नवा हक्क मिळाला, मग तो वारसाने असो की वाटणीने, तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरतो. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झालेल्या खरेदीखताची माहिती मात्र त्या कार्यालयाकडूनच महसूल खात्याकडे ई-फेरफार प्रणालीत जाते. वारसाची खबर कुणाकडूनही आपोआप जात नाही. ती द्यावी लागते, आणि बहुतेक घरांत पहिला उशीर इथेच होतो. तीन महिने उलटून गेले म्हणून हक्क बुडत नाही, पण कागद जमवणे दर वर्षी अवघड होत जाते.

खबर मिळाली की तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद घेतो आणि तिला क्रमांक मिळतो. मग संबंधितांना नोटीस जाते आणि ती चावडीवरही लागते. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर तलाठ्याच्या वरचा मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करतो किंवा कारण लिहून रद्द करतो. प्रमाणित झाली की नाव सातबाऱ्यावर आणि आठ-अ वर येते. हरकत आली तर ती नोंद तक्रारी प्रकरण बनते, सुनावणी होते आणि मग निर्णय होतो. तक्रारी प्रकरण एका वर्षाच्या आत निकाली काढावे असे कायदा सांगतो.

यातले काय घरून पाहता येते? बरेच काही. सध्याच्या सातबाऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि दिनांक छापलेला असतो आणि एखादा फेरफार प्रलंबित आहे का हेही लिहिलेले असते. ‘आपली चावडी’ या पानावर गाव निवडले की चालू फेरफारांचा क्रमांक, प्रकार, गट नंबर आणि हरकतीची शेवटची तारीख दिसते. आपल्या गटावर कुणी काही नोंद टाकली आहे का, हे पाहण्याची ही फुकट सोय आहे. शहरात राहणाऱ्या आणि गावाकडे जमीन असलेल्या लोकांनी तर हे पान नियमित पाहावे. भावकीतल्या वादात ‘मला नोटीस मिळालीच नाही’ ही तक्रार नेहमीची असते, आणि हरकतीची मुदत गेल्यावर तीच गोष्ट अपिलात नेऊन सिद्ध करावी लागते.

एक वारस नोंद, पायरीपायरीने

समजा, एका शेतकऱ्याचे निधन झाले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी आहे. जमीन दोन गावांत आहे : एका गावात दोन गट, शेजारच्या गावात एक. सातबाऱ्यावर नाव आहे ‘बाबू रामा’. आधारवर आणि मृत्यू दाखल्यावर ‘बाबुराव रामचंद्र’.

थोरल्या मुलाने ई-हक्क प्रणालीत खाते उघडले. ही प्रणाली `pdeigr.maharashtra.gov.in` या संकेतस्थळावरून वापरता येते. वारस नोंद, बोजा चढवणे आणि कमी करणे, मयताचे नाव कमी करणे, संगणकीकृत सातबाऱ्यातली चूक दुरुस्त करणे असे अर्ज तिथून तलाठ्याकडे जातात. त्याने वारस नोंदीचा अर्ज भरला आणि मृत्यू दाखला, वारसांचे शपथपत्र, आधार आणि रेशनकार्ड जोडले. पण अर्ज गावानुसार जातो हे त्याच्या ध्यानात आले नाही. एका गावासाठी केलेल्या अर्जात शेजारच्या गावातला गट येत नाही, कारण तिथला तलाठी वेगळा आणि नोंदवहीही वेगळी. असे झाले की एका गावात वारस लागतात आणि दुसऱ्या गावात वडील पुढे कित्येक वर्षे खातेदार राहतात. म्हणून आधी ज्या ज्या गावात जमीन आहे तिथला आठ-अ काढावा आणि मगच अर्जाला बसावे.

अर्ज पोहोचल्यावर तलाठ्याने पहिली त्रुटी काढली ती नावाची. ‘बाबू रामा’ आणि ‘बाबुराव रामचंद्र’ ही एकच व्यक्ती आहे हे संगणकाला कळत नाही, आणि तलाठीही ते गृहीत धरू शकत नाही. कारण त्याच गावात दुसरा बाबू रामा असू शकतो. इथे उपयोगी पडतो जुना फेरफार. सातबाऱ्यावर नावाच्या ओळीत शेवटी फेरफार क्रमांक असतो. ज्या फेरफाराने वडिलांचे नाव आजोबांनंतर लागले, त्याची नक्कल काढली तर त्यात आजोबांचे नाव, भावंडांची नावे आणि तारीख मिळते. ते आणि आजच्या कागदांवरचे कुटुंब जुळले, सोबत एकाच व्यक्तीची दोन नावे असल्याचे शपथपत्र आणि गावातल्या जाणत्यांचे जबाब असले, तर स्थानिक चौकशीत प्रश्न सुटतो. नुसत्या शपथपत्रावर अडून बसण्यापेक्षा हा फेरफार हातात असणे कितीतरी मोलाचे.

दुसरी त्रुटी बहिणीची. अर्जात तिचे नावच नव्हते. ‘तिला काही नको आहे’ असे घरातले म्हणत होते. पण तलाठ्याला वारस निवडण्याचा अधिकार नाही. मुलगी कायद्याने वारस आहे आणि लग्न झाल्याने ते बदलत नाही. तिला हक्क सोडायचा असेल तर आधी वारस म्हणून नाव लागते आणि मग तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचे असते. साध्या कागदावरच्या संमतीवर नाव वगळलेली वारस नोंद पुढे कधीही आव्हानात येते, आणि तेव्हा जमीन विकली गेलेली असेल तर घेणाराही अडकतो. बहिणीला न विचारता केलेली नोंद ही घाईने सुटणारी अडचण नाही, ती अन्याय आहे, हेही सरळ म्हटले पाहिजे.

तिचे नाव आल्यावर आणखी एक छोटी गोष्ट निघाली. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. लग्नाचा दाखला किंवा दोन्ही नावांचा संबंध दाखवणारा दुसरा कागद जोडावा लागला.

त्यानंतर तलाठ्याने वारसांची नोंद गाव नमुना सहा-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत, घेतली. मंडळ अधिकाऱ्याने वारस ठरवल्यावर गाव नमुना सहामध्ये फेरफार पडला, नोटिसा निघाल्या, पंधरा दिवस गेले, हरकत आली नाही आणि नोंद प्रमाणित झाली. चौघांची नावे सामाईक खात्यात आली.

आता अनेकांना वाटते की चौघांचे हिस्से वेगळे झाले. तसे होत नाही. वारस नोंदीने वाटणी होत नाही. वेगळे सातबारे हवे असतील तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपासाठी जावे लागते किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करावे लागते. तो दुसरा फेरफार आणि दुसरी प्रक्रिया.

‘अर्ज ऑनलाइन केला, मग कार्यालयात का बोलावतात?’

वरच्या उदाहरणात दोन प्रकारची बोलावणी दिसली. एक चौकशीची, जबाबाची. ती टळत नाही आणि टळू नये. दुसरी त्रुटीची. ती जवळजवळ पूर्णपणे टाळता येते, कारण त्रुटी ठराविकच असतात : नावातला फरक, सुटलेला वारस, वाचता न येणारे स्कॅन, एका गावाचा अर्ज दुसऱ्या गावात.

तिसऱ्या प्रकारचे बोलावणे मात्र चुकीचे असते. ऑनलाइन जोडलेलेच कागद पुन्हा झेरॉक्स करून द्या, असे काही कार्यालयांत सांगतात. मूळ कागद पडताळणीसाठी मागणे वेगळे आणि सगळा संच पुन्हा मागणे वेगळे. अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा त्रुटी लेखी किंवा प्रणालीतच नोंदवून मागावी. तोंडी त्रुटीला तारीख नसते आणि तारखेशिवाय विलंब सिद्ध करता येत नाही. अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला, तर पुढच्या प्रत्येक तक्रारीत तोच पहिला पुरावा ठरतो.

कार्यालयाची बाजूही समजून घ्यायला हवी. एका तलाठ्याकडे अनेकदा एकाहून जास्त गावे असतात, शिवाय पंचनामे, वसुली आणि निवडणुकीची कामेही त्याच्याकडेच. फेरफार प्रमाणित करायला मंडळ अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी लागते. सर्व्हर मंद असला किंवा स्वाक्षरीचे प्रमाणपत्र संपलेले असले, तर निर्णय झालेली नोंदही अडून राहते. म्हणून ‘प्रलंबित’ दिसले तर नेमके काय प्रलंबित आहे ते विचारावे : नोटीस बजावणी, हरकतीची मुदत की प्रमाणीकरण? या तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

संगणकात शिरलेली चूक कशी ओळखायची

दुसरा मोठा अडथळा हस्तलिखित नोंदी भरताना झालेल्या चुकांचा. एक उदाहरण जवळून पाहू. एका गटाचे एकूण क्षेत्र २ हेक्टर ४० आर. तीन खातेदार : १.२०, ०.८० आणि ०.४०. बेरीज २.४०, म्हणजे मेळ बसतो. संगणकीकृत सातबाऱ्यावर मात्र तिसऱ्याचे क्षेत्र ०.०४ पडले. आता बेरीज २.०४ येते. ४० आर म्हणजे साधारण एक एकर, ४ आर म्हणजे साधारण चार गुंठे. एका शून्याची जागा बदलली आणि ३६ आर जमीन कागदावरून गेली.

ही तपासणी कुणालाही करता येते. `bhulekh.mahabhumi.gov.in` वर विभाग, जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकून सातबारा फुकट पाहता येतो. तो फक्त माहितीसाठी असतो, शासकीय कामाला चालत नाही, पण चूक शोधायला पुरेसा आहे. सगळ्या खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज करा, पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारे क्षेत्र, धरा आणि गटाच्या एकूण क्षेत्राशी ताडून पाहा. मेळ न बसणाऱ्या सातबाऱ्यांची यादी प्रणालीही काढते. कार्यालयात तिला ओडीसी अहवाल म्हणतात. असा गट बहुधा अडून राहतो : डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळत नाही आणि पुढचा फेरफारही घेता येत नाही. खरेदी ठरल्यावर किंवा पीककर्जाच्या वेळी हे कळले तर धावपळ होते, म्हणून आधीच पाहून ठेवावे.

चूक सापडली की पुढचा प्रश्न येतो, आणि पुढचा सगळा रस्ता त्याच्या उत्तरावर ठरतो : चूक उतरवून घेताना झाली की मूळ नोंदीतच आहे?

हे ठरवण्यासाठी संगणकीकरणाच्या आधीचा हस्तलिखित सातबारा आणि संबंधित फेरफार पाहावा लागतो. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन `aapleabhilekh.mahabhumi.gov.in` वर आले आहेत. नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. जुन्या सातबाऱ्यावर ०.४० असेल आणि मध्ये क्षेत्र कमी करणारा कोणताही फेरफार नसेल, तर ती लेखनातली चूक. तिच्यासाठी कलम १५५ आहे. अर्ज तहसीलदारांकडे जातो, तलाठ्याचा अहवाल येतो, संबंधितांना नोटीस निघते, आदेश होतो आणि त्या आदेशाचा फेरफार पडून सातबारा दुरुस्त होतो. अर्जाला जुना सातबारा, नवा सातबारा आणि मधल्या फेरफारांच्या नकला एवढे जोडले, तर सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

‘१५५ चा अर्ज फेटाळला. आता?’

आधी पाहायचे की तो १५५ चा विषय होता का. हे कलम लेखनातल्या चुकीसाठी आणि हितसंबंधितांना मान्य असलेल्या चुकीसाठी आहे. ‘१९९० च्या फेरफारात आजोबांनी काकांच्या नावे जास्त जमीन लावली’ हा लेखनदोष नाही. तिथे संगणकाने काहीच चुकवलेले नसते, त्याने मूळ नोंद जशीच्या तशी उतरवलेली असते. अशा प्रकरणात त्या फेरफाराविरुद्ध कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपील करावे लागते. मुदत साठ दिवसांची आहे. जुन्या नोंदीसाठी विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो आणि इतकी वर्षे का थांबलात याचे पटणारे कारण द्यावे लागते. वाद खुद्द मालकीचाच असेल तर दिवाणी न्यायालय.

मला वाटते, चकरांमधला सर्वात वाया जाणारा काळ इथला आहे. लोक अपिलाचा विषय १५५ मध्ये नेतात, तिथे वर्ष जाते, अर्ज फेटाळला जातो आणि अपिलाला आणखी उशीर झालेला असतो. उलटही घडते : साध्या टंकलेखनाच्या चुकीसाठी प्रांताकडे अपील. अर्ज लिहून घेण्याआधी जुना आणि नवा सातबारा शेजारी ठेवून पाहिले की यातले बरेचसे टळते.

‘डिजिटल उतारा बँक घेत नाही’

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा कायदेशीर कामाला चालतो, त्याला तलाठ्याची सही लागत नाही. तरी तो नाकारला जातो, त्यामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असते. एक, अर्जदाराने पंधरा रुपयांचा नव्हे तर फुकटचा माहितीपुरता उतारा छापून आणलेला असतो. दोन, पीडीएफ उघडल्यावर स्वाक्षरीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसते आणि बँकेतल्या माणसाला तो खोटा वाटतो. ते प्रश्नचिन्ह एवढेच सांगते की त्या संगणकावर स्वाक्षरीची पडताळणी अजून केलेली नाही. उताऱ्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो. तो `digitalsatbara.mahabhumi.gov.in` वर टाकून बँकेला खात्री करून घेता येते. नकार मिळाला तर हेच करून पाहा असे सांगावे, आणि तरीही ऐकले नाही तर नकाराचे कारण लेखी मागावे.

दाखल्यांचेही तेच, थोड्या फरकाने

उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा दाखला ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून मागता येतो. इथेही अर्ज आणि दाखल्याची प्रत ऑनलाइन, मधला निर्णय माणसाचा. उत्पन्नाच्या दाखल्याला उत्पन्नाचा पुरावा लागतो. नोकरदाराकडे फॉर्म सोळा असतो, शेतकऱ्याकडे आणि मजुराकडे तलाठ्याचा अहवाल. म्हणजे अर्ज तहसीलच्या टेबलावर असला तरी थांबलेला असतो तलाठ्यापाशी. जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत हे सगळे अर्ज एकदम येतात, म्हणून शक्य असेल त्यांनी नवे आर्थिक वर्ष लागताच एप्रिलमध्येच अर्ज टाकावा. कागदांच्या फाइलला आकाराची मर्यादा असते. ती ओलांडू नये म्हणून केंद्रावर फाइल इतकी दाबतात की अक्षरच लागत नाही आणि अर्ज परत येतो. ‘अपलोड झाले’ याने समाधान मानू नये. फाइल उघडून स्वतः वाचून पाहावी.

दाखल्यांच्या बाबतीत नागरिकाच्या हातात एक हत्यार जास्त आहे : महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५. या कायद्याखाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ती पंधरा दिवस आहे. मुदतीत दाखला दिला नाही किंवा नाकारला, तर तीस दिवसांच्या आत प्रथम अपील, मग द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. सबळ कारण नसताना विलंब केल्याचे ठरले तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपील संकेतस्थळावरूनच करता येते. अपील करावे तेव्हा मूळ अर्जाचा क्रमांक आणि त्रुटीच्या तारखा द्याव्यात. मधल्या काळात त्रुटी निघून आपण ती उशिरा पूर्ण केली असेल, तर ते दिवस आपल्याच नावावर जातात.

मग नाव लागले की जमीन पक्की?

सातबारा हा अधिकार अभिलेखाचा उतारा आहे. कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. पण मालकी त्या नोंदीने निर्माण होत नाही. मालकी येते खरेदीखताने, वारसाने, बक्षीसपत्राने, वाटणीने. फेरफार प्रामुख्याने महसुलाच्या कामासाठी असतो, त्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे.

म्हणून जमीन घेताना पोर्टलवरचा स्वच्छ, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पाहून थांबू नये. सातबाऱ्यावर चालू फेरफारासोबत जुन्या फेरफारांचे क्रमांक असतात. ते एकेक करून काढून वाचावेत. कोणत्या वर्षी कुणाचे नाव कशाने लागले, मधे एखादी बहीण गळाली का, कुळाची किंवा बँकेची नोंद कोणत्या आदेशाने निघाली, हे तिथेच दिसते. आणि व्यवहार झाल्यावर खरेदीखताची माहिती आपोआप गेली असेल असे समजून गप्प बसू नये. दस्त नोंदल्यानंतर काही दिवसांनी ‘आपली चावडी’वर आपला गट नंबर शोधावा, फेरफार क्रमांक लिहून घ्यावा आणि हरकतीची तारीख उलटली की सातबारा पुन्हा उघडून तीन गोष्टी पाहाव्यात : नावाचे स्पेलिंग, क्षेत्र आणि इतर हक्काचा रकाना. चूक असेल तर ती नोंद ताजी असतानाच, सगळे कागद टेबलावर असतानाच, तलाठ्याच्या नजरेस आणून द्यावी.